दोन शब्द, एकच उच्चार : शब्दाचं मूळ रूप ठरतं कसं?

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना शब्द पाठ करण्याचा तो रोजचा घोष आठवत असेल. त्यात ‘मरुत्’ हा शब्द तकारान्त म्हणून यायचा आणि ‘सुहृद्’ हा दकारान्त म्हणून. मरुत् म्हणजे वारा, सुहृद् म्हणजे मित्र. पण प्रथमेचं एकवचन म्हणायची वेळ आली, की दोन्हींच्या शेवटी ‘त्’च ऐकू यायचा. मरुत्, सुहृत्. मग एक तकारान्त आणि दुसरा दकारान्त कसा? कानाला तर दोन्ही सारखेच लागतात. याचं उत्तर पुढच्या रूपांमध्ये आहे. तृतीयेत ‘मरुता’ होतं आणि ‘सुहृदा’ होतं. पुढे स्वर आला की एकाचा ‘त्’ कायम राहतो आणि दुसऱ्याचा ‘द्’ बाहेर येतो. म्हणजे सुहृद् शब्दात ‘द्’ होताच. तो शेवटी आल्यावर त्याचा आवाज बदलला होता, एवढंच.

आज आपण याच गोष्टीबद्दल बोलणार आहोत. एखाद्या शब्दाचा जो उच्चार आपण ऐकतो, त्याहून वेगळं असं एक मूळ रूप भाषाशास्त्रज्ञ मानतात. न ऐकू येणारी गोष्ट ते कशाच्या आधारावर मानतात? ही नुसती सोय आहे, की त्यामागे पुरावा आहे?

त्यासाठी जर्मन भाषेकडे जाऊ, कारण तिथे हे उदाहरण अगदी स्वच्छ दिसतं. मात्र त्याआधी एक छोटा प्रयोग करा. गळ्यावर बोट ठेवा आणि लांब ‘स्‌स्‌स्’ म्हणा. बोटाला काही जाणवणार नाही. आता ‘जहाज’ शब्दाच्या शेवटी येतो तसा ‘ज़्‌ज़्‌ज़्’ लांबवा. गळ्यात थरथर जाणवेल. ही थरथर म्हणजे घोष. क, ट, त, प हे अघोष. ग, ड, द, ब हे घोष. जिभेची आणि ओठांची जागा तीच असते. फरक असतो तो मुख्यतः गळ्यातल्या या थरथरीचा.

आपल्या मराठीत शब्दाच्या शेवटीही हा फरक शाबूत राहतो. ‘बाग’ आणि ‘बाक’, ‘वाद’ आणि ‘वात’ यांत आपला गोंधळ होत नाही. शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही, तरीही ‘बाग’मधला ग् हा ग्‌च राहतो. जर्मनमध्ये मात्र असं होत नाही. तिथे शब्दाच्या शेवटी येणारा ग्, ड् किंवा ब् यांचा अनुक्रमे क्, ट्, प् होतो. याला भाषाशास्त्रात ‘अंत्य अघोषीकरण’ म्हणतात. दिवसाला जर्मनमध्ये जो शब्द आहे, तो लिहितात ‘टाग’ असा. पण जर्मन माणूस तो ‘टाक’ असा म्हणतो. अनेकवचन करताना मात्र ‘टागे’ म्हणतो. म्हणूनच पुण्या-मुंबईत जर्मन शिकणारा मराठी विद्यार्थी अक्षरं पाहून ‘टाग’ म्हणतो तेव्हा शिक्षक त्याला अडवतात. त्याला ग् म्हणता येतो, हीच तिथे अडचण होऊन बसते.

आता नेमकं उदाहरण घेऊ. चाकाला जर्मनमध्ये एक शब्द आहे, त्याचा उच्चार ‘राट’. सल्ला किंवा सल्लागार मंडळ यासाठी दुसरा शब्द आहे, त्याचाही उच्चार ‘राट’. नुसता शब्द कानावर पडला, तर ‘चाक’ की ‘सल्ला’ हे संदर्भावरूनच ठरवायचं. दोन ध्वनींमधला भेद एखाद्या विशिष्ट जागी असा पुसला जातो, त्याला न्यूट्रलायझेशन म्हणतात. आपण त्याला ‘भेदलोप’ म्हणू. भेद संपूर्ण भाषेतून गेलेला नसतो. जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ट आणि ड यांत फरक आहे, दोन स्वरांच्या मध्येही आहे. तो फक्त शेवटच्या जागेवर नाहीसा होतो.

आता या दोन्ही शब्दांना षष्ठीचा ‘एस’ प्रत्यय लावून बघा. ‘चाकाचा’ होतं ‘राडेस’. ‘सल्ल्याचा’ होतं ‘राटेस’. प्रत्यय तोच, मधला स्वर तोच, सगळी परिस्थिती तीच. पण एकीकडे ड आणि दुसरीकडे ट. एकाच शब्दाचं असं कधी ‘राट’, कधी ‘राड-’ होणं, याला रूपांची अदलाबदल म्हणू या. आपल्या हाती असलेला पुरावा तो हाच.

यावरून तीन अंदाज बांधता येतात. प्रत्येकाची परीक्षा घेऊ.

पहिला अंदाज सगळ्यात साधा. शब्द एकटा असताना ऐकू येतो, तेच त्याचं मूळ रूप. म्हणजे दोन्हींचं मूळ ‘राट’. मग ‘राडेस’मध्ये ड कुठून आला? तर नियम असा असेल, की दोन स्वरांमध्ये ट सापडला की त्याचा ड होतो. ऐकायला पटण्यासारखं आहे. स्वरांच्या संगतीत घोष येणं अनेक भाषांमध्ये घडतंही. पण हा नियम खरा असता, तर सल्ल्याच्या ‘राटेस’चंही ‘राडेस’ व्हायला हवं होतं. तसं होत नाही. नियम पहिल्याच पायरीवर अडखळतो. त्याला वाचवायचं तर म्हणावं लागेल, की काही शब्दांना नियम लागतो आणि काहींना लागत नाही, आणि कोणत्या शब्दाला लागतो याची यादी जर्मन माणसाच्या डोक्यात असते. पण जरा विचार करा. ही यादी म्हणजे काय? ‘या शब्दाच्या शेवटी ड येऊ शकतो, त्या शब्दाच्या येत नाही’, हीच माहिती. म्हणजे ड मूळ रूपात नाही असं म्हणत आपण तो मागच्या दाराने पुन्हा आत घेतला.

दुसरा अंदाज याच्या उलट. चाकाचं मूळ रूप ‘राड’, सल्ल्याचं ‘राट’. आणि नियम एकच : शेवटी आलेला घोष व्यंजन अघोष होतो. आता हिशेब करून बघू. ‘राड’ एकटा आला, ड शेवटी आहे, नियम लागला, ‘राट’ झालं. ‘राड’ला ‘एस’ लागला, ड आता शेवटी नाही, नियम लागत नाही, ‘राडेस’ राहिलं. ‘राट’ एकटा आला. ट आधीच अघोष, बदलायला काही नाही. ‘राट’ला ‘एस’ लागला, ‘राटेस’ झालं. चारही रूपं बरोबर आली, आणि एकाही शब्दासाठी अपवाद करावा लागला नाही. टाक-टागे हेही याच नियमाने सुटतं, आणि चोर या अर्थाचा ‘डीप’, अनेकवचनी ‘डीबे’, हाही.

यातून एक तत्त्व निघतं. जिथे भेद टिकून आहे, तिथलं रूप मूळ समजायचं; जिथे भेद पुसला गेला आहे, तिथलं रूप नियमाने आलेलं समजायचं. ‘राडेस’वरून ‘राट’ सांगता येतं. नुसत्या ‘राट’वरून मात्र ‘राडेस’ की ‘राटेस’ हे सांगता येत नाही. ज्या दिशेने जाताना वाट चुकत नाही, ती दिशा खरी.

तिसरा अंदाज शंकेखोर माणसाचा. तो म्हणेल, मूळ रूप वगैरे काही नाही. जर्मन माणूस ‘राट’ आणि ‘राडेस’ ही दोन्ही रूपं सरळ पाठ करतो. आपण नाही का पाठांतर केलं? शंका योग्य आहे. पण नुसतं पाठांतर असतं, तर नव्या शब्दावर काहीच परिणाम झाला नसता. इंटरनेटवरच्या लिखाणासाठी इंग्रजीतून ‘ब्लॉग’ हा शब्द गेल्या काही दशकांत जर्मनमध्ये आला. जर्मन माणूस तो ‘ब्लोक’ म्हणतो. पण ‘ब्लॉग लिहिणं’ या क्रियापदात ‘ब्लोगेन’ असा ग् स्पष्ट ठेवतो. मूळ इंग्रजीत ‘ब्लोक’ असा उच्चार नाही, त्यामुळे तो पाठ करून मिळालेला नाही. हाच माणूस इंग्रजी बोलताना ‘बेड’ला ‘बेट’ म्हणतो, तेही यामुळेच. नियम जिवंत आहे. तो आपल्या भाषेची हद्द ओलांडून परक्या भाषेतही जातो.

आता आणखी एक आक्षेप. कुणी म्हणेल, मूळ रूपाचा एवढा शोध कशाला? जर्मन लेखनात चाकाच्या शब्दाला ‘डी’ लिहितातच की! पण लेखनाला पुरावा मानता येत नाही, आणि का, ते पाहा. मध्ययुगात, साधारण बाराव्या-तेराव्या शतकात, जर्मन लेखनात दिवसाला ‘टाक’ असंच लिहीत आणि षष्ठीत ‘टागेस’. म्हणजे कानाला ऐकू येईल तसं. पुढे लेखनपद्धती बदलली आणि सगळीकडे ‘ग’ लिहिण्याची रीत पडली. भाषेतला नियम तोच राहिला, कागदावरचा रिवाज मात्र पालटला.

तुर्की भाषेत आजही ऐकू येईल तसं लिहितात, आणि तिथले शब्द तर आपल्या ओळखीचे आहेत. आपली ‘किताब’ तिथे ‘किताप’ आहे. पण ‘त्याची किताब’ म्हणताना ‘किताबी’ होतं. आपला ‘रंग’ तिथे ‘रेंक’ आहे; प्रत्यय लागला की ‘रेंगी’. (शेवटचा स्वर ढोबळमानानेच सांगतो आहे.) १९२८ साली तुर्कस्तानने रोमन लिपी स्वीकारली, तेव्हापासून हे शब्द प-कार आणि क-कार लावूनच लिहिले जातात. पण सगळ्याच प-कारांचा ब होत नाही. ‘तोप’ म्हणजे चेंडू, आणि तोफसुद्धा. आपली ‘तोफ’ याच शब्दाची नातलग. त्याला प्रत्यय लागला तरी ‘तोपु’ असा प कायम राहतो. लेखन एका भाषेत मूळ रूप दाखवतं, दुसरीत वरचं रूप. अदलाबदलीचा पुरावा मात्र दोन्हीकडे एकाच दिशेने बोट दाखवतो.

पण अदलाबदल दिसली की लगेच मूळ रूप हाती आलं, असं समजू नका. इथे एक फसवी जागा आहे, आणि तिचं उदाहरण आपल्या घरातच आहे. ‘जगत्’ आणि ‘जगदीश’. दुसऱ्या शब्दात द् ऐकू येतो. मग मूळ शब्द ‘जगद्’ म्हणायचा का? नाही. कारण संस्कृतात शब्द संपून पुढे दुसरा शब्द स्वराने सुरू झाला, की शेवटच्या त् चा द् होतो. तो संधीचा नियम सगळ्यांनाच लागतो. मूळचा त् असो की द्, त्या जागी द्‌च येणार. म्हणजे तिथेही भेद पुसलेलाच आहे, फक्त उलट बाजूने. भेद टिकून राहतो तो विभक्तीच्या प्रत्ययापूर्वी. ‘जगता’ म्हणतात, ‘जगदा’ म्हणत नाहीत. म्हणून मूळ ‘जगत्’. साक्षीदार निवडताना तो भेद ओळखू शकेल अशा जागी उभा आहे का, हे आधी पाहावं लागतं. पाणिनीने हे सगळं जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वी क्रमवार नियमांत बसवलं. त्याच्या मांडणीत पदाच्या शेवटचं असं व्यंजन आधी घोष होतं, आणि पुढे विराम असेल तर विकल्पाने अघोष होतं. व्याकरणाच्या पुस्तकांत ‘सुहृत्-सुहृद्’ अशी जोडी छापलेली दिसते, ती या विकल्पामुळे.

इथवर आपण पाहिलं ते सगळं तर्काने. पण मूळ रूप खरोखर बोलणाऱ्यांच्या मनात असतं, याची साक्ष इतिहासाने दिली आहे. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. तिचा उगम मध्ययुगीन जर्मन बोलींमध्ये. या बोलींमध्ये शेवटी अघोषीकरण होत असे. पुढे यिडिशच्या बहुतेक बोलींमधून हा नियमच नाहीसा झाला. आता विचार करा, नियम गेल्यावर काय व्हायला हवं? लोकांच्या मनात ऐकू येणारंच रूप मूळ म्हणून साठवलेलं असेल, तर काहीच बदलणार नाही. पण मूळ रूप घोष व्यंजनाचं असेल, तर वरचं झाकण निघाल्यावर ते पुन्हा वर यायला हवं.

झालं ते असं. रस्ता या अर्थाचा शब्द जुन्या जर्मनमध्ये ‘वेक’ म्हणत, आणि प्रत्यय लागल्यावर त्यात ग् येई. यिडिशमध्ये आज तो ‘वेग’ आहे, शेवटी स्पष्ट ग्. मात्र याच शब्दापासून निघालेलं एक अव्यय आहे, त्याचा अर्थ ‘दूर’, ‘निघून’. यिडिशमध्ये त्याचा उच्चार ‘अवेक’. इथे ग् परत आला नाही. कारण अव्ययाला प्रत्यय लागत नाहीत. त्याचा ग् बोलणाऱ्यांना कधी ऐकूच आला नव्हता, त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी मूळ रूपच क् चं धरलं. दोन्ही शब्द एकाच घरातले. एकाला अदलाबदलीची साक्ष होती, दुसऱ्याला नव्हती. पॉल किपार्स्की यांनी १९६८ साली हा दाखला मांडला, तेव्हापासून तो या विषयातला नेहमीचा दाखला झाला आहे.

यातून मर्यादाही कळते. जर्मनमध्ये ‘आणि’ या अर्थाचा शब्द लिहितात डी लावून, पण उच्चार ‘उंट’. त्याला कोणताही प्रत्यय लागत नाही. मग त्याचं मूळ रूप ड् चं की ट् चं? भाषेच्या आतल्या पुराव्यावर हे ठरवता येत नाही. लेखनातला डी हा परंपरेने आलेला आहे. तो बोलणाऱ्याच्या मनातलं काही सिद्ध करत नाही. जिथे अदलाबदल नाही, तिथे ऐकू येतं तेच धरावं, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. निकोलाय त्रुबेत्स्कॉय या विद्वानाची भूमिका आणखी वेगळी होती. त्यांच्या निधनानंतर १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मांडलं, की भेद पुसलेल्या जागी जो ध्वनी असतो तो ना धड ट, ना धड ड; दोघांत जे समान आहे तेवढंच तिथे उरतं. शेवटच्या जागेचं वर्णन म्हणून हे नेमकं आहे. पण चाकाचा ‘राट’ पुढे ‘राडेस’ होणार हे कुठेतरी नोंदवलेलं असायलाच हवं, आणि मूळ रूप म्हणजे ती नोंद.

शेवटी एक गंमत सांगतो, जिचा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. दोन्ही ‘राट’ खरोखर तंतोतंत सारखे असतात का? १९८५ साली रॉबर्ट पोर्ट आणि मायकेल ओ’डेल यांनी अशा जोड्यांचे उच्चार यंत्राने मोजले. मूळ घोष व्यंजनाच्या शब्दातला स्वर सरासरी सुमारे १५ मिलीसेकंदांनी लांब निघाला. एक मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ऐकणाऱ्यांना कोणता शब्द आहे हे ओळखायला सांगितलं, तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं तर पन्नास येतात. त्यावर लगेच आक्षेप आला, की लोक लिहिलेले शब्द वाचत होते, तेव्हा डी डोळ्यांपुढे असल्याने उच्चार बदलला असेल.

म्हणून २०१४ साली टिमो रोएटगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी अर्थ नसलेले, बनवलेले शब्द अनेकवचनात नुसते ऐकवले आणि बोलणाऱ्यांना एकवचन करायला सांगितलं. लिहिलेलं काहीच नव्हतं. तरीही फरक उरलाच, साधारण ८ मिलीसेकंदांचा. कानाला तो जवळजवळ निरुपयोगी. पण अर्थ लक्षात घ्या. शब्द आयुष्यात प्रथमच ऐकलेला, त्याचं एकवचन कुणी कधी उच्चारलेलं नाही, आणि तरी त्या एकवचनावर अनेकवचनातल्या घोषाची पुसटशी सावली पडते. ती सावली खोल दडलेल्या मूळ रूपाची, की बोलताना मनात जागं राहिलेल्या शेजारच्या रूपाची, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. शब्द तोंडातून बाहेर पडताना त्याच्या दुसऱ्या रूपाची आठवण सोबत असते, एवढं मात्र ही मोजमापं दाखवतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)